आधी छत, मग तळघर

आमचे साहेब इटलीत सात महिने राहून आले होते, आणि त्यांच्या बोलण्यात ते सात महिने कधी संपलेच नाहीत. कॉफी आली की "मिलानला असताना," पाऊस आला की "मिलानला असताना," आणि मजूर दोन मिनिटं विडी ओढायला बसला तरी "मिलानला असताना." मिलानमध्ये रस्त्याच्या पोटात आगगाडीचा बोगदा करताना त्यांनी एक विद्या पाहिली होती. ती पूर्ण शिकून आले की नुसती पाहून आले, हा प्रश्न विचारायची माझी तेव्हा प्राज्ञा नव्हती. मी चोवीस वर्षांचा ओव्हरसीअर होतो आणि ही माझी पहिली मोठी नोकरी होती.

साहेब पुण्याचे. मी तंजावरी घराण्यातला, मद्रासेत जन्मलेला. मुलाखतीत मी मराठीत दोन वाक्यं बोललो तेव्हा त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "वा! ही मराठी ताम्रपटात वाचली होती, ऐकायला आज मिळाली." मी ती स्तुती समजलो. घरी जाऊन आईला सांगितलं, तीही खूश झाली. साहेब तो विनोद नंतर दर पाहुण्याला सांगू लागले, तेव्हा मला अर्थ लागला. आज मी जी मराठी लिहितो आहे ती निम्मी त्यांच्या टोमण्यांनी घासून काढलेली आहे, हेही कबूल केलं पाहिजे.

काम होतं टाऊनात, म्हणजे मद्रासच्या जुन्या बाजारपेठेत, चायना बझारच्या मागच्या एका गल्लीत. साठीचं दशक उतरणीला लागलं होतं. एका कापडवाल्याला तिथं सहा मजली दुकान बांधायचं होतं आणि खाली मालासाठी दोन तळघरं हवी होती. त्याला सगळे मुदलाळी म्हणत, म्हणजे मालक. आम्हीही तेच म्हणत असू. जागा कशी, तर तिन्ही बाजूंनी जुन्या इमारती खांद्याला खांदा लावून उभ्या आणि चौथ्या बाजूला हातगाड्यांनी भरलेली गल्ली. उघडा खड्डा खणला तर शेजारी त्यात पाय घसरून पडावेत. शिवाय समुद्र जवळ. दहा फुटांवर वाळूतून पाणी लागायचं.

इथं साहेबांची विद्या कामाची होती, आणि ती खरोखर सुंदर होती. खड्डा खणायच्या आधीच त्याच्या भिंती जमिनीत उभ्या करायच्या. त्यासाठी हद्दीलगत दोन फूट रुंद आणि पंचेचाळीस फूट खोल चर तुकड्यातुकड्यानं खणायचा, खालच्या चिकणमातीत पाय रोवेपर्यंत. चर ढासळू नये म्हणून तो बेंटोनाइट नावाच्या मातीच्या पातळ लापशीनं काठोकाठ भरलेला ठेवायचा. ती लापशी वाळूच्या कडांना आतून दाबून धरते. मग सळ्यांचा पिंजरा त्यात सोडायचा आणि लांब नळीतून तळाशी काँक्रीट ओतायचं. काँक्रीट खालून वर येतं, लापशीला वर ढकलतं, आणि ती पंपानं काढून पुढच्या चराला वापरायची. अशी चहूबाजूंची भिंत झाली की आत खोल भोकं पाडून लोखंडी खांब रोवायचे. त्यानंतर तळमजल्याची फरशी थेट जमिनीवर ओतायची, तीत एक मोठं भोक ठेवून. आणि मग त्या भोकातून खाली उतरून, फरशीच्या पोटाखालची माती खणत जायचं. एक मजला खणला की त्याची फरशी ओतायची, मग त्याच्या खाली. प्रत्येक फरशी समोरासमोरच्या भिंतींना एकमेकींपासून दूर रेटून धरते, म्हणून भिंती आत येत नाहीत.

मी हे घरी समजावून सांगितलं. आई वांगी चिरत होती. म्हणाली, "अगोदर छत, मागाहून जमीन? हें काम शिकायाला तुझ्या साहेबाला विलायतेस धाडलें?"

पहिलं संकट लापशीनं आणलं. बेंटोनाइट गुजरातेतून पोत्यांनी आलं, आणि साहेबांनी ते जागेवरच्या विहिरीच्या पाण्यात कालवायला सांगितलं. टाऊनातल्या विहिरी मचूळ, हे तिथल्या कावळ्यालाही ठाऊक. लापशी फुगली नाही. नासलेल्या दुधासारखी फाटली, चोथा खाली बसला आणि वर निवळ पाणी राहिलं. चराची एक बाजू धप्पकन आत आली. साहेब माझ्यावर ओरडले, "ढवळलं नाहीत तुम्ही नीट! मिलानला ढवळायला वेगळा माणूस असतो." आमचा म्हातारा मेस्त्री शांतपणे वाकला, बोट बुडवून जिभेला लावलं आणि म्हणाला, "उप्पु." मीठ. साहेबांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं आणि तासाभरानं स्वतःच मोठ्यानं शोध लावला की पाण्यात क्षार आहेत.

तेव्हापासून गोड्या पाण्याच्या लॉऱ्या येऊ लागल्या. त्या वर्षी मद्रासेत पाण्याची काय दशा होती! गल्लीतल्या एकुलत्या नळावर पहाटेपासून पितळी घागरींची रांग लागायची, आणि त्या रांगेसमोरून आमची लॉरी घुसायची आणि स्वच्छ, पिण्याजोगं पाणी चिखलात ओतायची. तिसऱ्या दिवशी एक साठीच्या बाई घागर काखेला लावून सरळ कुंपणाच्या आत आल्या. नऊवारी नाही, पण नऊवारीचा दरारा असलेली जाड सुती साडी, जाड चष्मा.

"भिंतीला गोडं पाणी आणि माणसांना रांग," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "याचं गणित मला समजावून सांगा. मी छत्तीस वर्षं गणितच शिकवलं आहे."

साहेब मिलानबद्दल काही बोलू लागले. बाईंनी घागर लॉरीच्या नळाखाली ठेवली. तिच्या मागे कुंपणाबाहेर चाळीस घागरी उभ्या होत्या. त्या दिवसापासून दर लॉरीमागे घरटी दोन घागरी, असा नियम झाला. तो नियम साहेबांनी केला, असं साहेबांच्या अहवालात आहे.

या बाई म्हणजे टीचरम्मा. आमच्या पूर्वेच्या भिंतीला लागून असलेल्या जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर त्यांची टायपिंगची शाळा होती. बत्तीस यंत्रं, तीन तुकड्या. सकाळी सातपासून तो खडखडाट सुरू झाला की आमची क्रेनसुद्धा लाजायची. आमच्या कामानं शेजाऱ्यांना काही होतं का हे पाहायला मी तिथल्या जुन्या भेगांवर काचेच्या पातळ पट्ट्या प्लास्टरनं चिकटवल्या होत्या. भेग केसभर जरी रुंदावली तरी काच फुटते. खोटं बोलणं तिला जमत नाही. अशा सहा पट्ट्या होत्या. रोज तीन वाजता मी त्या बघायला जाई, टीचरम्मा मला फिल्टर कॉफी देत आणि धाकट्या भावाला म्हणावं तसं तमिळमध्ये विचारत, "तंबी, आज तुम्ही किती खाली गेलात?" मी सांगितलेला आकडा त्या एका वहीत लिहीत. मला ती एका निवृत्त बाईची हौस वाटायची.

भिंत झाली, खांब रोवले, तळमजल्याची फरशी ओतून झाली. मुदलाळीला ती इतकी आवडली की त्यानं लगेच मुहूर्त काढला आणि एका मंत्र्याला उद्घाटनाला बोलावलं. कोऱ्या फरशीवर मांडव, केळीचे खांब, नादस्वरम. मातीच्या भोकाभोवती झेंडूच्या माळा लावून ते झाकलं होतं, पण खाली काम चालू होतं. घमेली भरली जात होती, आणि हवा खेचायच्या पंख्यातून ओल्या मातीचा वास पाहुण्यांच्या पहिल्या रांगेत येत होता. मंत्र्यांनी आजूबाजूला पाहिलं, वर पाहिलं. वर आकाशच होतं.

"इमारत कुठं आहे?"

"खाली जाते आहे, सर," साहेब म्हणाले.

मंत्र्यांनी मान डोलावली आणि तिच्या उंचीबद्दल अर्धा तास भाषण केलं.

खरी गंमत इथवर. पुढं जे झालं त्यात माझाही हात आहे.

मुदलाळीनं त्याच मांडवात साहेबांना बाजूला घेतलं. दिवाळीच्या आधी दोन्ही तळघरं हवीत. साड्यांचा माल आला की ठेवायचा कुठं? साहेबांनी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी नकाशावर पेन्सिल फिरवली. मूळ क्रम असा होता: पहिल्या तळघराची फरशी ओतायची, ती पक्की व्हायला दोन-तीन आठवडे थांबायचं, मग खाली खणायचं. हे थांबणं त्यांना खटकलं.

"फरशी मागाहून घालू," ते म्हणाले. "थेट तळापर्यंत खणा. तळ ओता, मग नेहमीसारखं वर येऊ. भिंत दोन फूट जाड आहे हो, तिला काय होतंय?"

मी म्हणालो, "सर, पण मधला आधार... मिलानला असंच करतात का?"

एवढा उद्धटपणा माझ्या हातून आयुष्यात एकदाच झाला. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमच्या ताम्रपटात काय लिहिलंय?" मेस्त्री नकाशा बघत उभा होता. त्या दिवसापासून त्यानं पूर्वेच्या भिंतीखाली स्वतःचा डबा उघडला नाही.

आम्ही खणत गेलो. दिवसाढवळ्या दिव्यांच्या उजेडात, डोक्यावर काँक्रीटची फरशी. अठरा फूट, वीस फूट. भिंत वर फरशीनं धरलेली, खाली मातीत रुतलेली, आणि मधे वीस फूट नुसतीच, पाठीवर शेजाऱ्यांची सगळी ओली माती घेऊन.

एका मंगळवारी तीन वाजता चार नंबरची काच फुटलेली दिसली. सरळ, स्वच्छ तडा. टीचरम्मा वर्गात होत्या. मी कॉफी न घेता परत आलो आणि साहेबांना सांगितलं.

"ऊन लागलं असेल," ते म्हणाले.

"ती भिंत आतली आहे, सर. तिथं ऊन येत नाही."

"मग एखाद्या पोरीचा धक्का लागला असेल. उद्या नवी लावून टाका. आणि हे बघा, मुदलाळीच्या कानावर हे जायला नको."

बुधवारी एक वाजता, शाळा जेवायला सुटली असताना, मी वर गेलो. जुनी काच खरवडून काढली, तुकडे रुमालात बांधले, नवी पट्टी बसवली. कामाला मी आधीपासूनच चांगला. नवं प्लास्टर पांढरंशुभ्र दिसत होतं म्हणून त्यावर चहा लावून ते पिवळं केलं. ही युक्ती माझी स्वतःची. साहेबांनी सांगितलेली नव्हती, हे मुद्दाम नोंदवतो.

गुरुवारी सकाळी टीचरम्मांचा निरोप आला. मी गेलो. त्यांनी मला मागच्या बाकावर बसवलं, बत्तीस मुलींच्या पाठीमागं, आणि फळ्यासमोर उभं राहून त्या म्हणाल्या, "आजचा वेगाचा उतारा. तयार?" मग इंग्रजीत, सावकाश, विरामचिन्हांसह सांगू लागल्या:

"मंगळवारी, स्वल्पविराम, जमिनीखाली बावीस फूट खणलेले असताना, स्वल्पविराम, चौथ्या क्रमांकाची काच फुटली, पूर्णविराम. बुधवारी, स्वल्पविराम, दुपारी एक वाजता, स्वल्पविराम, ओव्हरसीअरने गुपचूप नवी काच लावली आणि तिला चहा पाजला, पूर्णविराम."

बत्तीस यंत्रं एकदम कडाडली. माझं पाप बत्तीस वेळा, ओळीच्या शेवटी घंटी वाजवत, कागदावर उतरत होतं. एका मुलीनं हात वर करून विचारलं, "टीचर, 'गुपचूप'चं स्पेलिंग?" टीचरम्मांनी ते फळ्यावर लिहिलं. दुसऱ्या रांगेतली एक हसत होती. तिचा पहिला नंबर येत असणार, कारण तिचा हात थांबला नाही. मला वाटलं होतं की त्या ओरडतील, आणि ओरडल्या असत्या तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. टाइप होणाऱ्या माणसाला उत्तर देता येत नाही.

उतारा संपल्यावर त्या माझ्याजवळ आल्या. हातात लाकडी फूटपट्टी होती.

"दोन्ही टोकं धरा, तंबी."

मी धरली. त्यांनी मधे अंगठ्यानं दाबलं. पट्टी वाकली.

"आता?" त्यांनी दुसऱ्या हाताचं बोट पलीकडून मधोमध टेकवलं आणि पुन्हा दाबलं. पट्टी वाकली नाही.

"हे बोट तुम्ही कुठं विसरलात?" त्यांनी विचारलं. त्या कधी मद्रासच्या वेशीवरच्या तांबरमच्या पलीकडे गेल्या नव्हत्या.

मग त्यांनी मला ती वही दाखवली. मी रोज सांगितलेली खोली एका रकान्यात, दरवाजा किती घासतो ते दुसऱ्या रकान्यात, आणि सहा काचा. वही हौसेची नव्हती. आणि शेवटचं त्या जे बोलल्या ते मला फार लागलं. "तुझं प्लास्टर चांगलं आहे. इतकं चांगलं काम करणारा माणूस खोट्या कामाला का वापरायचा?" अहो-जाहो सोडून त्या एकेरीवर आल्या होत्या. ते रागानं की मायेनं, मला आजही ठरवता आलेलं नाही.

मी एक प्रत घेऊन साहेबांकडे गेलो. त्यांनी वाचली आणि फाडली.

"अजून एकतीस आहेत, सर," मी म्हणालो. "आणि नवी काचही आज सकाळी फुटली."

साहेब खुर्चीवरून उठले. आम्ही दोघं शिडीनं खाली उतरलो. मेस्त्रीनं पूर्वेच्या भिंतीवर वरून ओळंबा सोडला. मधल्या उंचीला दोरी भिंतीला टेकली आणि खालीवर फट राहिली. दीड इंचाहून जास्त पोट आलं होतं. इतका वेळ जिच्यावर आमचं प्रेम होतं ती भिंत आता गरोदर बाईसारखी आमच्याकडे पाहत होती. साहेबांनी मिलानचं नाव काढलं नाही. मेस्त्रीकडे पाहून, मोडक्या तमिळमध्ये, जवळजवळ अजिजीनं, त्यांनी विचारलं, "आता काय करू?"

"माती परत घाला," मेस्त्री म्हणाला. जणू काही तो हे वाक्य महिनाभर जिभेवर घेऊन बसला होता.

त्याच दुपारपासून, जी माती घमेल्या-घमेल्यानं वर काढली होती ती आम्ही घमेल्या-घमेल्यानं खाली नेली. पूर्वेच्या भिंतीला टेकून तिचा उतरता ढीग रचला, आणि तो चढेपर्यंत लोखंडी तुळया तिरप्या लावून भिंत मधोमध रेटून धरली. मजूर हसत होते. मजुरी दोन्ही दिशांना सारखीच होती. मग मधली फरशी घातली, मूळ नकाशात होती तिथंच. फरशीच्या जोडासाठी भिंतीत आधीच वाकवून ठेवलेल्या सळ्या खोदून मोकळ्या केल्या, सरळ केल्या, फरशीत गुंतवल्या. ती पक्की होईपर्यंत थांबलो. या वेळी साहेब बोटांवर दिवस मोजत थांबले. नंतरच खालची माती काढली. भिंतीचं पोट मात्र मागे गेलं नाही. एकदा वाकलेलं काँक्रीट पश्चात्ताप करत नाही. मुदलाळीनं त्यावर सागवानी फळ्या ठोकून घेतल्या, आणि आजही तिथं उभं राहिलात तर कपाटं थोडी पुढं आल्यासारखी वाटतील.

दिवाळी गेली. साड्या मुदलाळीच्या घरी, जिन्यात आणि म्हणे देवघरातही रचून ठेवल्या होत्या. टीचरम्मांच्या भिंतीची डागडुजी कंपनीनं केली. त्यांनी एक अट घातली: प्लास्टर मीच करायचं. चार दिवस मी हातात थापी घेऊन त्यांच्या वर्गात गवंडीकाम केलं आणि बत्तीस मुली माझ्याकडे बघून टाइप करत राहिल्या. त्या चारही दिवसांत कॉफी मिळाली, पण आकडा कुणी विचारला नाही.

पुढच्या वर्षी साहेबांनी इंजिनिअरांच्या एका सभेत या कामावर व्याख्यान दिलं. पडद्यावर चित्रं होती: लापशीचा चर, सळ्यांचा पिंजरा, मांडवातले मंत्री. मग सहा काचांचं चित्र आलं. शेजारच्या इमारतींवर काचेच्या पट्ट्या लावून "अखंड निरीक्षण" ठेवण्याची पद्धत त्यांनी स्वतः कशी बसवली, आणि तिच्यामुळे धोका वेळीच कसा ओळखला, हे त्यांनी फार ओघवत्या इंग्रजीत सांगितलं. मी शेवटून दुसऱ्या रांगेत होतो. मेस्त्रीला बोलावलं नव्हतं. टीचरम्मांना बोलावण्याचा प्रश्नच नव्हता.

प्रश्नोत्तरांत एका वयस्कर गृहस्थानं विचारलं, "काम तीन महिने लांबलं, असं दिसतं. कारण?"

साहेब किंचित हसले. "स्थानिक शेजाऱ्यांचं असहकार्य," ते म्हणाले.

सभागृहात सहानुभूतीची कुजबूज झाली. मग टाळ्या पडल्या, बऱ्यापैकी जोरात. माझे हात मांडीवर होते. शेजारच्या माणसानं माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मीही वाजवल्या.